डबा प्रोटीनचा, गोंधळ दुधाचा

जिम सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात दंड किती वाढले याची चर्चा सगळे करतात. पोट किती फुगलं, याची चर्चा मात्र चेंजिंग रूममध्ये हसण्यावारी नेली जाते. शेक प्यायल्यावर तासाभरात पोटात गुडगुड, दुपारच्या लेक्चरला बसवत नाही इतका गुबारा आणि अधूनमधून थेट धावपळ. मग कुणी सांगतं, 'प्रोटीन गरम पडतं, सवय होईल.' कुणी सांगतं, 'तुझा डबा डुप्लिकेट आहे.' कुणी पित्ताची गोळी हातावर ठेवतं. तुम्हीही यातलं काहीतरी करून पाहिलं असेल आणि त्याचा फारसा उपयोगही झाला नसेल. कारण बहुतेक वेळा दोष ज्याच्या माथी मारला जातो त्या प्रोटीनचा नसतोच. तो त्याच्यासोबत ग्लासात उतरलेल्या मंडळींचा असतो, आणि त्यांत पहिला नंबर दुधातल्या साखरेचा.

व्हे म्हणजे निवळी

दही विरजल्यावर वर जे पिवळसर पाणी सुटतं त्याला आपण निवळी म्हणतो. चीज तयार करताना असंच पाणी मोठ्या प्रमाणावर सुटतं. ते गाळून, त्यातलं पाणी आणि साखर शक्य तितकी काढून, वाळवून जी पावडर होते ती व्हे. दुधातल्या एकूण प्रोटीनपैकी साधारण २० टक्के व्हे असतं, उरलेलं ८० टक्के केसीन. म्हणजे चकचकीत डब्यावर कितीही पिळदार दंड छापलेले असले तरी आतला माल दुधाचाच आहे. आणि दूध आलं की त्यातली साखर, म्हणजे लॅक्टोज, मागोमाग येते.

ही साखर किती येते ते गाळणीवर ठरतं. 'व्हे कॉन्सन्ट्रेट' प्रकारात चांगल्या मालात ८० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं आणि साधारण ४ ते ८ टक्के लॅक्टोज शिल्लक राहतं. 'आयसोलेट'मध्ये गाळणी आणखी बारीक असते. प्रोटीन ९० टक्क्यांच्या घरात जातं आणि लॅक्टोज एक टक्क्याच्या आत येतं. किमतीतला फरक बऱ्याच अंशी या गाळण्याचा असतो.

आता पोटाकडे या. लॅक्टोज ही दोन साखरांची जोडी आहे. ती तशीच रक्तात जाऊ शकत नाही. लहान आतड्याच्या अस्तरात लॅक्टेज नावाचं पाचकद्रव्य असतं, ते या जोडीची गाठ सोडवतं आणि सुटे तुकडे शोषले जातात. तान्ह्या बाळात हे लॅक्टेज भरपूर असतं, कारण त्याचं सगळं जेवण म्हणजे दूध. वय वाढतं तसं बहुतेक माणसांत ते कमी होत जातं. हा आजार नव्हे. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांच्या बाबतीत असंच घडतं. भारतात उत्तरेपेक्षा दक्षिणेकडे हे प्रमाण जास्त आढळतं.

लॅक्टेज कमी असेल तर न सुटलेली साखर तशीच पुढे मोठ्या आतड्यात पोहोचते. तिथे दोन गोष्टी होतात. एक, साखर आपल्याकडे पाणी ओढून घेते आणि शौचाला पातळ होते. दोन, तिथे राहणारे जिवाणू या साखरेवर ताव मारतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काही जणांत मिथेन असे वायू सोडतात. गुबारा, गुडगुड आणि जुलाब हे तिन्ही एकाच ठिकाणाहून येतात ते असे.

पित्ताची गोळी इथे हात टेकते त्याचं कारणही हेच. ती जठरातलं आम्ल कमी करते. तुमचा गॅस मात्र बराच खाली, मोठ्या आतड्यात तयार होत असतो.

एक सकाळ, कागद-पेन घेऊन

नुसतं 'लॅक्टोज पचत नाही' म्हणून भागत नाही, कारण प्रश्न नेहमी 'किती' याचा असतो. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेक माणसांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, विशेष त्रास न होता चालून जातं. जेवणासोबत घेतलं तर आणखी सहज चालतं. म्हणूनच 'मी रोज चहा पितो, दही खातो, मला कसलं लॅक्टोज?' हा युक्तिवाद फसवा आहे. कटिंग चहात दूध असतं पन्नासेक मिली, त्यात लॅक्टोज जेमतेम अडीच ग्रॅम. दह्यात जिवाणूंनी त्यातलं काही आधीच संपवलेलं असतं, आणि उरलेलं पचवायला ते आतड्यातही मदत करतात. पनीरमध्ये तर बरीचशी साखर पाण्याबरोबर निघून गेलेली असते. त्यामुळे आयुष्यभर तुमच्या पोटाने कधी तक्रार केलेली नसते. तक्रार सुरू होते ती शेकरपासून.

समजा, तुमचा रूममेट. वय २१, वजन ६० किलो, पहाटे सहाला जिम. परतल्यावर तो मिक्सरमध्ये ४०० मिली दूध ओततो, त्यात व्हे कॉन्सन्ट्रेटचे दोन स्कूप, दोन केळी, मूठभर ओट्स आणि चमचाभर पीनट बटर. फिरवतो आणि कॉलेजची बस चुकू नये म्हणून उभ्या उभ्या तीन मिनिटांत घशाखाली उतरवतो. साडेनऊच्या सुमाराला पोटात ढोल वाजायला लागतात.

हिशोब मांडू. दुधात १०० मिलीला साधारण पावणेपाच ते पाच ग्रॅम लॅक्टोज असतं, म्हणजे ४०० मिलीत सुमारे १९ ग्रॅम. एक स्कूप ३३ ग्रॅमचा धरला तर दोन स्कूप ६६ ग्रॅम. त्यात सहा टक्के लॅक्टोज धरलं तर चार ग्रॅम. एकूण झाले २३ ग्रॅम.

हा आकडा लक्षात ठेवा. लॅक्टोज पचतं की नाही हे तपासायला रुग्णालयात श्वासाची एक चाचणी करतात. उपाशीपोटी २५ किंवा ५० ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून प्यायला देतात आणि पुढचे काही तास उच्छ्वासातला हायड्रोजन मोजतात. जिवाणूंनी पोटात तयार केलेला हायड्रोजन थोडा रक्तात मिसळून फुप्फुसावाटे बाहेर पडतो, तो वाढला की निदान होतं. म्हणजे तुमचा रूममेट रोज सकाळी, रिकाम्या पोटी, जवळपास तीच चाचणी घरच्या घरी करून घेतोय. फक्त नळी लावून मोजणारं कुणी नाही. ते काम लेक्चरला शेजारी बसणारे करतात.

आणि या २३ ग्रॅममध्ये पावडरचा वाटा किती? चार. बाकीचे एकोणीस दुधाचे. त्याने डबा बदलला, महागाचा आयसोलेट आणला, पण दूध तेवढंच ठेवलं, तर आकडा २३ वरून १९-२० वर येईल. पोट काही फारसं शांत होणार नाही आणि तो म्हणेल, 'आयसोलेटचाही काही उपयोग नाही.' याउलट तोच स्वस्तातला कॉन्सन्ट्रेट, एक स्कूप, साध्या पाण्यातून घेतला तर लॅक्टोज दोन ग्रॅमच्या आसपास. चहाच्या कपाएवढं. हे ज्याला कळलं त्याचे बरेच पैसे वाचतात.

मास गेनर म्हणजे दुधात दूध

वजन वाढत नाही म्हणून मास गेनर घेणाऱ्यांची कहाणी थोडी आणखी जड आहे. गेनरच्या डब्यात प्रोटीन कमी आणि माल्टोडेक्स्ट्रिन नावाचं पिठूळ कार्बोहायड्रेट जास्त असतं. एका वेळच्या मात्रेत शंभरेक ग्रॅम पावडर हे काही विशेष नाही. बऱ्याच गेनरमध्ये, विशेषतः स्वस्त मालात, स्किम्ड मिल्क पावडरही असते. स्किम्ड मिल्क पावडरमध्ये निम्मं वजन लॅक्टोजचं असतं. म्हणजे एका मात्रेत ती २० ग्रॅम असली तर १० ग्रॅम लॅक्टोज तिथेच आलं, आणि वरून डब्यावर लिहिलेलं असतं, 'दुधातून घ्या.' इतकं गोड आणि दाट मिश्रण एकदम पोटात गेलं की ज्यांना लॅक्टोज बऱ्यापैकी पचतं त्यांनाही जड वाटतं. जठर ते हळूहळू पुढे सोडतं, म्हणून वरचं पोट तट्ट राहतं.

गेनर घ्यायचाच असेल तर एका मात्रेचे तीन भाग करा, पाण्यातून घ्या, दिवसभरात वाटून घ्या. खरं तर केळं, शेंगदाणे, चिक्की आणि दोन जास्तीच्या पोळ्या यांतून त्याच कॅलरी कमी पैशांत आणि कमी आवाजात मिळतात.

घड्याळ सांगतं चोर कोण

सगळ्याच तक्रारी लॅक्टोजच्या नसतात. कोण जबाबदार आहे ते ओळखायला सगळ्यात चांगलं साधन म्हणजे घड्याळ. शेक घेतला किती वाजता आणि त्रास सुरू झाला किती वाजता, एवढं चार दिवस मोबाइलमध्ये नोंदवा.

शेक प्यायल्या प्यायल्या, पहिल्या अर्ध्या तासात वरचं पोट टम्म आणि ढेकरांवर ढेकर, असं होत असेल तर ती बहुधा गिळलेली हवा आहे. व्हेला फेस भरपूर येतो. डब्यात दाटपणासाठी झँथन गम, ग्वार गम असे डिंक घातलेले असले तर फेस लवकर बसतही नाही. तुम्ही शेकर जिवाच्या आकांताने हलवता आणि लगेच गटागटा पिता, तेव्हा प्रोटीनबरोबर हवाही पिता. उपाय फुकट आहे. शेकर हलवा, पाच-दहा मिनिटं तसाच ठेवा, फेस खाली बसू द्या, मग पंधरा मिनिटांत घोट घोट घ्या.

अर्ध्या-एक तासानंतर ते पुढच्या काही तासांत खालच्या पोटात गुडगुड, वारा आणि पातळ शौच, हे लॅक्टोजचं नेहमीचं वेळापत्रक.

जिमला जाण्याआधी प्री-वर्कआउट घेतलं आणि वीस मिनिटांत संडास गाठावा लागला, तर संशय कॅफिनवर घ्या. एका स्कूपमध्ये १५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असणं सर्रास आढळतं, म्हणजे दोन-तीन कप कडक कॉफी एकदम, तीही रिकाम्या पोटी. कॅफिन मोठ्या आतड्याची हालचाल वाढवतं. त्यात व्यायाम सुरू झाला की शरीर रक्त स्नायूंकडे वळवतं आणि आतड्यांकडचा पुरवठा कमी होतो. त्यामुळे व्यायामाच्या लगेच आधी प्यायलेलं काहीही जास्त खळबळ करतं.

संध्याकाळी 'शुगर फ्री' प्रोटीन बार खाल्ला आणि रात्री पोट फुगलं, तर रॅपर उलटून बघा. माल्टिटॉल, सॉर्बिटॉल, झायलिटॉल, आयसोमाल्ट अशी नावं दिसतील. कधी फक्त आकडे असतात: ९६५ म्हणजे माल्टिटॉल, ४२० म्हणजे सॉर्बिटॉल, ९६७ म्हणजे झायलिटॉल. यांना पॉलिओल म्हणतात. गोड लागतात, पण लहान आतड्यात अर्धवटच शोषले जातात आणि उरलेला भाग लॅक्टोजच्याच वाटेने जातो: पाणी ओढायचं, जिवाणूंना खाऊ घालायचं. पॉलिओल जास्त असलेल्या पदार्थाच्या वेष्टनावर ते रेचक ठरू शकतात अशी सूचनाही छापलेली असते, पण इतक्या बारीक अक्षरात की ती वाचायला आधी शंका यावी लागते. बारमध्ये फायबर म्हणून चिकोरीच्या मुळाचं इन्युलिनही असतं. जिवाणूंना तेही फार आवडतं. पावडरमधल्या सुक्रॅलोजची मात्रा मात्र मिलिग्रॅममध्ये असते, त्यामुळे पाणी ओढण्याचा हा हिशोब तिथे लागू होत नाही.

आणि शौच व्यवस्थित, पोटही फार फुगलेलं नाही, पण वाऱ्याला सडक्या अंड्याचा वास? तो गंधकाचा. प्रोटीनमध्ये गंधक असलेली अमिनो आम्लं असतात. गरजेपेक्षा जास्त प्रोटीन कोंबलं की थोडं न पचता मोठ्या आतड्यात जातं आणि जिवाणू त्यापासून हा वास काढतात. इथे मात्र प्रोटीन स्वतः दोषी आहे, आणि उपाय म्हणजे मात्रा कमी करणं.

दुसरा स्कूप कशासाठी?

मात्रेचं गणितही एकदा करूनच टाकू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार सर्वसाधारण प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. नियमित वजनं उचलणाऱ्यांसाठी क्रीडापोषणात साधारण १.४ ते २ ग्रॅम हा पट्टा सांगितला जातो. आपल्या ६० किलोच्या रूममेटसाठी मधला दीड ग्रॅम धरला तर दिवसाला ९० ग्रॅम झालं.

आता मेसचं ताट. सहा पोळ्यांचे १८ ग्रॅम, दोन वाट्या वरणाचे १२, वाटीभर उसळीचे सात-आठ, तीन अंड्यांचे १८, वाटीभर दह्याचे चार-पाच. साठच्या आसपास आले. तूट तीस ग्रॅमची. कॉन्सन्ट्रेटच्या एका स्कूपमध्ये २४ ते २६ ग्रॅम प्रोटीन मिळतं. म्हणजे एक स्कूप आणि मूठभर शेंगदाणे, झालं. ज्या दिवशी पन्नास ग्रॅम सोयाचंक किंवा शंभर-सव्वाशे ग्रॅम चिकन पोटात गेलं त्या दिवशी तो स्कूपही लागत नाही. स्नायू वाढवण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा, असा सल्ला राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार मार्गदर्शक तत्त्वांत दिला आहे. जिमवाले त्यावर वाद घालतील. पण दुसऱ्या स्कूपच्या बाबतीत हा वाद घालायचीसुद्धा गरज नाही, वरची बेरीज पुरेशी आहे.

आणखी एक. डबा आला की बरेच जण ताटातली उसळ, भाजी, फळं कमी करतात. फायबर घटतं, शौच घट्ट होतं, वारा अडकतो आणि गुबारा धरतो. हा त्रास डब्यात जे आहे त्याच्यामुळे नसतो, ताटातून जे गेलं त्याच्यामुळे असतो.

क्रिएटिनचं लोडिंग

क्रिएटिन सुरू करणाऱ्यांना 'पहिला आठवडा लोडिंग' सांगितलं जातं. रोज २० ग्रॅम, पाच-पाच ग्रॅमच्या चार मात्रांत. कंटाळा करून पोरं ते दोनदा दहा-दहा ग्रॅम घेतात आणि जुलाब लागतात. क्रिएटिन पाण्यात फार विरघळत नाही. न शोषलेलं आतड्यात राहिलं की पाणी ओढतं. फुटबॉलपटूंवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाच-पाच ग्रॅमच्या दोन मात्रांपेक्षा एकदम दहा ग्रॅम घेणाऱ्यांत जुलाबाची तक्रार जास्त दिसली होती. लोडिंग न करता रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं तरी स्नायू तीन-चार आठवड्यांत त्याच पातळीला पोहोचतात. महिन्याभराची घाई नसेल तर जुलाब ओढवून घेण्याचं कारण नाही.

तपास एका वेळी एकाचाच

आता तुमचा स्वतःचा तपास. इथे बहुतेकांची चूक एकच होते: सगळं एकदम बंद, बरं वाटलं की सगळं एकदम सुरू. त्यातून काहीच कळत नाही. असं करून बघा.

पहिला आठवडा सगळं बंद. पावडर, बार, प्री-वर्कआउट, क्रिएटिन, शेकमधलं दूध, सगळं. नेहमीचं जेवण चालू. या आठवड्यातही त्रास तसाच राहिला तर डब्यावर राग काढू नका, कारण दुसरीकडे आहे.

त्रास थांबला तर पुढचे तीन दिवस एक स्कूप २५० मिली पाण्यातून, न्याहारी झाल्यावर. दूध नाही, केळं नाही, ओट्स नाहीत. पोट शांत राहिलं तर पावडर सुटली, संशय दुधावर. मग तीन दिवस त्याच स्कूपमध्ये १५० मिली दूध घाला. जमलं तर २००. कुठे गुडगुड सुरू होते तो तुमचा आकडा. तो आयुष्यभर कामाला येतो, फक्त जिमपुरता नाही.

पाण्यातूनही त्रास झाला तर अर्धा स्कूप करून पाहा. तरीही झाला तर आयसोलेटची वेळ. मोठा डबा आणू नका, सुटी पाकिटं मिळतात ती चार आणा. आयसोलेटने थांबलं तर लॅक्टोजला तुम्ही फारच हळवे आहात. नाही थांबलं तर डब्यातले इतर घटक बघा, किंवा बिनचवीचा, फक्त एक घटक असलेला माल घ्या. त्यानंतर क्रिएटिन तीन ग्रॅम, जेवणासोबत. मग अर्धा बार. प्री-वर्कआउट सगळ्यात शेवटी, अर्ध्या मात्रेने. प्रत्येकाला तीन दिवस द्या.

लेबल वाचायची एक साधी युक्तीही सांगतो. पोषणाच्या तक्त्यात 'एकूण साखर' आणि 'वरून घातलेली साखर' अशा दोन ओळी असतात. व्हेच्या डब्यात पहिलीतून दुसरी वजा केली की जे उरतं ते जवळपास सगळं लॅक्टोज. एका स्कूपमागे हे उत्तर दोन-अडीच ग्रॅम आलं तर कॉन्सन्ट्रेट, अर्ध्या ग्रॅमच्या आत आलं तर आयसोलेट. पुढे मोठ्या अक्षरात आयसोलेटचं नाव आणि मागे घटकांच्या यादीत कॉन्सन्ट्रेट पहिलं, असंही दिसतं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पहिलं नाव खरं समजा. आणि 'डायजेस्टिव्ह एन्झाइम्स'वर भाळू नका. यादीत नुसतं प्रोटिएज असेल तर ते प्रोटीन तोडतं, लॅक्टोजला हात लावत नाही. लॅक्टेज लिहिलेलं हवं. लॅक्टेजच्या वेगळ्या गोळ्याही मिळतात, त्या दुधाच्या पहिल्या घोटाबरोबर घ्यायच्या असतात, त्रास सुरू झाल्यावर नाही.

अर्थात लेबल खरं असेल तरच हे गणित चालतं. केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन सप्लिमेंट्सची तपासणी झाली, ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे ७० टक्के उत्पादनांवरचे प्रोटीनचे आकडे बरोबर नव्हते. म्हणून कोपऱ्यावरच्या 'ओळखीत स्वस्त' डब्यापेक्षा परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि पक्कं बिल असलेला डबा घ्या. तुमच्या तपासाचे निकाल लेबलशी अजिबात जुळत नसतील तर तीही एक माहितीच आहे.

इथे प्रयोग थांबवा

काही खुणा दिसल्या तर डबे बदलत बसू नका, डॉक्टरकडे जा. शौचातून रक्त, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, आपोआप घटणारं वजन, किंवा सगळं बंद करूनही दोन-तीन आठवडे टिकलेला त्रास. जंत, अमिबा, ग्लुटेन न पचण्याचा आजार, आतड्यांची सूज यांची सुरुवातही गॅस आणि पातळ शौचानेच होते. नुकताच गॅस्ट्रो होऊन गेला असेल तर आतड्याच्या अस्तराला इजा होऊन लॅक्टेज काही आठवड्यांसाठी कमी झालेलं असतं. एरवी दूध पचणाऱ्यालाही त्या काळात शेक बाधतो. तेव्हा महिनाभर थांबा, मग पुन्हा थोड्यापासून सुरू करा.

शेक घेतल्यावर अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, श्वास लागला, तर मात्र विषय वेगळा. ती दुधाच्या प्रोटीनची ॲलर्जी असू शकते. तिथे लॅक्टोजचा संबंध नाही आणि आयसोलेटही धोक्याचाच. लगेच डॉक्टर, आणि व्हे कायमचं बंद.

या कशातच तुम्ही बसत नसाल, तर उद्या सकाळी डबा तोच ठेवा. स्कूप एकच घ्या, दुधाची पिशवी फ्रिजमध्येच राहू द्या, शेकरमध्ये पाणी भरा आणि फेस बसेपर्यंत अंघोळ उरकून घ्या. साडेनऊच्या लेक्चरला काय होतं ते बघा आणि लिहून ठेवा.